कोळशीचे कारण वरच्या पानावर

वरुड-मोर्शीकडच्या किंवा काटोल-नरखेडकडच्या एखाद्या संत्राबागेत शिरावे आणि बाग हिरवी नव्हे तर काळी दिसावी, असे काही वर्षी घडते. पाने काळी, फांद्या काळ्या, फळांच्या सालीवरही काळा थर. पानाला हात लावला तर बोटाला काजळी लागते आणि बोट किंचित चिकट होते. विदर्भातला शेतकरी याला कोळशी म्हणतो. ज्या बागेत कोळशीने बस्तान बसवले, तिथे झाड जगते, पण फळ धरत नाही. धरले तरी ते बाजारात नेण्याआधी धुवावे लागते, आणि काळ्या थराखालची साल बऱ्याचदा हिरवीच राहिलेली असते.

काळा थर बुरशीचा आहे हे खरे. त्यामुळे पहिला विचार बुरशीनाशकाचा येतो, आणि नेमके तिथेच गणित चुकते. ही बुरशी पानात शिरत नाही, पानाचे काही खातही नाही. ती फक्त पानावर सांडलेल्या साखरेवर वाढते. साखर सांडणारा वेगळाच आहे आणि तो काळ्या पानावर नसतो. काळ्या पानाच्या वर जे पान आहे ते उलटे करून पाहिले, की त्याच्या खालच्या बाजूला तो सापडतो.

संत्र्यावर हा उद्योग मुख्यतः काळ्या माशीचा. नाव काळी माशी असले तरी ती पांढऱ्या माशीच्या कुळातली आहे आणि घरातल्या माशीशी तिचे काही नाते नाही. पांढरी माशी, मावा आणि पिठ्या ढेकूण अशा तिन्ही किडींची जवळची भावकी ढेकूण-तुडतुड्यांशी आहे. तिघांनाही चावायला जबडा नाही. सुईसारखी सोंड आहे. तिघेही कोवळ्या फुटीवर वस्ती करतात, तिघेही झाडाचा रस पितात, आणि तिघांच्याही मागून काजळी येते. गच्चीवरच्या कुंडीतल्या जास्वंदीपासून सांगलीच्या उसापर्यंत गोष्ट तीच. पात्रे तेवढी बदलतात.

रसात साखर फार, बाकी थोडे

झाडात दोन प्रकारच्या नळ्या असतात हे शाळेत शिकवलेले असते. जलवाहिन्या मुळांकडून पाणी वर नेतात, आणि रसवाहिन्या पानांत तयार झालेली साखर झाडभर पोचवतात. या तीन किडी आपली सोंड पेशींच्या मधून वाट काढत थेट रसवाहिनीत घालतात. रसवाहिनीतला रस दाबाखाली असतो, त्यामुळे एकदा सोंड बरोबर जागी बसली की किडीला फारसे ओढावेही लागत नाही. रस आपणहून आत येतो. मावा रस पीत असताना त्याची सोंड मध्येच छाटली, तर झाडात रुतलेल्या तुकड्यातून रस ठिबकत राहतो. वनस्पतींच्या रसात काय काय आहे हे शास्त्रज्ञांनी शोधले, ते याच युक्तीने गोळा केलेले थेंब तपासून.

त्या थेंबांत साखर भरपूर असते. कमी असतात ती अमिनो आम्ले, म्हणजे प्रथिने बांधायला लागणारा माल. किडीला वाढायचे आहे, अंडी घालायची आहेत, तर प्रथिने हवीतच. मग ती पुरेशी मिळेपर्यंत रस पीत राहावे लागते, आणि त्याबरोबर गरजेपेक्षा कितीतरी जास्त साखर पोटात जाते. ही साखर आतड्यात नुसती पडून राहिली तरी घातकच, कारण दाट साखर शरीरातले पाणी आपल्याकडे ओढून घेते. त्यावर मावा आणि पांढरी माशी एक तोड काढतात. आतड्यात साखरेचे छोटे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या केल्या जातात, त्यामुळे पाणी ओढण्याचा जोर कमी होतो, आणि उरलेला गोड पाक मागच्या बाजूने थेंबाथेंबाने बाहेर टाकला जातो. हाच तो चिकटा. ज्वारीच्या शेतात मावा पडला की पानांवर दिसणारा चिकटाही हाच. उमललेल्या कापसावर तो पडला तर पुढे सूतगिरणीत धागा यंत्राला चिकटतो, म्हणून अशा कापसाला भाव मिळत नाही.

तरीही प्रश्न उरतो की अशा निकस आहारावर या किडी इतक्या झपाट्याने वाढतात कशा? याचे उत्तर त्यांच्या शरीरात राहणाऱ्या जिवाणूंत आहे. माव्याच्या पोटातल्या खास पेशींत बुक्नेरा नावाचे जिवाणू असतात. रसात जी अमिनो आम्ले कमी पडतात ती हे जिवाणू तयार करून देतात, आणि आई ते पिल्लांना जन्माआधीच देऊन टाकते. पांढऱ्या माशीकडे याच कामाचे वेगळे जिवाणू आहेत. पिठ्या ढेकणाचा प्रकार सर्वांत अजब आहे. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात एका जिवाणूच्या पोटात दुसरा जिवाणू राहतो, आणि दोघांनी मिळून काम वाटून घेतले आहे, हे 2001 मध्ये उघड झाले. झाड उपाशी ठेवत असताना ही कीड पोसली जाते, ती या बिऱ्हाडकरूंच्या जिवावर.

वस्ती शेंड्यालाच का

नवी पालवी फुटते तेव्हा झाड साखरेबरोबर नत्रयुक्त मालही तिकडे पाठवते, कारण नवीन पान बांधायचे असते. म्हणजे किडीला ज्याची चणचण असते ते शेंड्याकडे जरा जास्त मिळते. शिवाय कोवळ्या पानाची साल मऊ, सोंड सहज आत जाते. म्हणून जून, चामट पानांवर भटकणारी कीड नवती दिसताच तिथे गर्दी करते.

संत्र्याला वर्षात तीनदा नवती येते: आंबिया बहाराच्या वेळी हिवाळा सरताना, मृगाच्या वेळी पावसाळा लागताना, आणि हस्ताच्या वेळी पाऊस ओसरताना. काळ्या माशीच्या पिढ्याही साधारण याच तीन वेळांना येतात. मादी कोवळ्या पानाच्या खालच्या बाजूला अंडी घालते आणि ती अशी मांडते की नुसत्या डोळ्यांनाही बारीक चकलीसारखे वळण दिसते. अंड्यांतून निघालेले पिल्लू थोडेसे चालते, जागा निवडते, सोंड रोवते आणि मग पुढच्या अवस्थांत तिथून हलत नाही. रंगाने ते काळे होते, अंगावर काटे येतात, कडेला मेणाची पांढरी झालर दिसते. बागेत फिरणाऱ्याला हे किडे नव्हे, पानावरचे काळे ठिपकेच वाटतात. म्हणून कोळशी दिसायला लागते तेव्हा कीड येऊन बराच काळ लोटलेला असतो.

जास्त युरिया दिलेल्या बागेत आणि कुंडीत या किडी जोमाने वाढतात, त्यामागचे कारणही हेच. नत्र एकदम दिले की लुसलुशीत फूट भराभर येते आणि रसातला नत्राचा अंश वाढतो. बाग दाट असेल, आत ऊन-वारा खेळत नसेल, पाटाचे पाणी साचून राहत असेल, तर किडीलाही निवारा आणि बुरशीलाही ओल. कोळशीच्या बागांत छाटणी करून फांद्या मोकळ्या करण्याचा सल्ला दिला जातो तो यासाठी.

काजळी कुठून येते

चिकटा पानावर सांडला की त्याचा पातळ, चकचकीत थर तयार होतो. हवेत बुरशीचे बीजाणू सदोदित तरंगत असतात. त्यातले काही याच साखरेवर वाढणारे. कॅप्नोडियम हे त्यांतले नेहमीचे नाव, पण एका पानावर एकाच वेळी अशा कितीतरी काळ्या बुरश्या मिसळून नांदत असतात. त्यांचे धागे गडद रंगाचे, म्हणून पानावर काजळ फासल्यासारखे दिसते. कोरड्या दिवसांत हा थर तडकतो आणि कागदासारखे पापुद्रे सुटतात. खालचे पान बहुधा हिरवेगार निघते. बुरशी पानाला भिडलेली असते, भिनलेली नसते.

मग नुकसान कशाने? झाडाचा रस गेला हे पहिले नुकसान. त्याचा मोठा वाटा किडीचाच. दुसरे नुकसान सावलीचे. पानावर काळा पडदा आला की ऊन हरितद्रव्यापर्यंत कमी पोचते आणि पान कमी अन्न तयार करते. रस एकीकडून चोरला जातो आणि दुसरीकडे नवा तयार होणेही मंदावते. संत्र्याच्या बागेत फळधारणा घटते ती या दुहेरी मारामुळे.

काजळी ओळखण्याच्या खुणा साध्या आहेत. ओल्या कापडाने किंवा बोटाने चोळल्यावर काळे निघून आले आणि खाली निरोगी पान दिसले, तर ती काजळी. पुसले न जाणारे, कडेला पिवळी वलये असलेले, पानाच्या आरपार गेलेले काळे डाग असतील तर तो वेगळा रोग आणि त्याचे उपायही वेगळे. पांढरी भुकटी पानाच्या वर पसरलेली असेल तर ती भुरी. पिठ्या ढेकणाचे पांढरे पुंजके मात्र शेंड्यात, पेऱ्यांत, देठाच्या बेचक्यात दाटीवाटीने बसतात आणि काडीने उचकटले तर आत गुलाबीसर किडा हलताना दिसतो. कीड अजून जिवंत आहे की नुसती जुनी काजळी उरली आहे, हे पाहायचे असेल तर झाडाखाली तासभर गुळगुळीत पुठ्ठा किंवा काच ठेवावी. त्यावर बारीक चिकट थेंब पडले, तर वरची पंगत अजून उठलेली नाही. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीच्या काचेवर सकाळी दिसणारे थेंबही याच प्रकारचे. लोक त्याला झाडाचा डिंक समजतात.

राखणदार मुंग्या

चिकटा सगळाच खाली पडत नाही. बराचसा मुंग्या उचलतात. माव्याच्या वस्तीवर मुंगी आली की ती आपल्या मिशांनी माव्याच्या पाठीवर हलके थोपटते, आणि मावा थेंब सोडतो. बदल्यात मुंगी पहारा करते. ढालकिडा, त्याची अळी, माव्यात अंडी घालायला आलेली बारीक गांधीलमाशी, यांना ती हुसकावते. पिठ्या ढेकणाची पिल्ले एका फांदीवरून दुसऱ्या फांदीवर उचलून नेतानाही मुंग्या दिसतात. शिवाय चिकटा साचून वस्ती स्वतःच्याच पाकात बुडण्याचा धोका असतो, तोही मुंग्यांच्या साफसफाईने टळतो.

म्हणून खोडावर मुंग्यांची रांग वर-खाली करत असेल, तर ते झाडाला काय झाले आहे याचे निदान समजावे. मुंग्या झाड खात नाहीत. त्या कुठे थांबतात हे पाहत गेले की वस्ती सापडते.

मावा: आजी, मुलगी आणि नात एकाच शरीरात

तिघांत सर्वांत वेगाने वाढतो तो मावा. उष्ण प्रदेशांत माव्यात बहुधा माद्याच असतात. नराशिवाय त्यांना पिल्ले होतात आणि अंडी न घालता त्या जिवंत पिल्ले देतात. जन्मलेल्या पिल्लाच्या पोटात पुढच्या पिल्लांची घडण आधीच सुरू झालेली असते. उबदार हवेत आठवडा-दहा दिवसांत नवजात मादी स्वतः आई होते. सोमवारी शेंड्यावर चार मावे दिसले आणि पुढच्या रविवारी शेंडा दिसेनासा झाला, हा अनुभव त्यामुळेच येतो. गर्दी फार झाली किंवा झाड सुकू लागले की पुढच्या पिढीत पंखवाल्या माद्या निपजतात आणि दुसऱ्या झाडावर जातात.

महाराष्ट्राने माव्याची ही ताकद 2002 मध्ये पाहिली. सांगली भागात उसाच्या पानांखाली पांढऱ्या लोकरीसारखे थर दिसू लागले. हा लोकरी मावा ईशान्य भारतात आधीपासून होता, पण पश्चिम महाराष्ट्राच्या उसाला नवा. तो पुढे आसपासच्या जिल्ह्यांत आणि कर्नाटकात पसरला. त्याचा चिकटा खालच्या पानांवर पडून फडच्या फड काळे झाले. उंच वाढलेल्या फडात शिरून पानाच्या खालच्या बाजूला फवारणी करणे जवळजवळ अशक्य, त्यामुळे औषधांवरचा भर टिकला नाही.

तोडगा निघाला तो माव्याच्या शत्रूंकडून. डिफा नावाच्या पतंगाची अळी लोकरी मावा खाते. ती आणि मायक्रोमस नावाचा शिकारी कीटक फडांत आढळू लागले. त्यांना गोळा करून, वाढवून, मावा असलेल्या फडांत सोडण्याचे काम सुरू झाले. ज्या फडात हे मित्रकीटक आले आहेत तिथे फवारणी करू नका, असा सल्ला शेतकऱ्यांना दिला गेला. पुढे ईशान्येकडून आणलेली एन्कार्सिया ही सूक्ष्म गांधीलमाशीही कामाला आली. लोकरी मावा नाहीसा झाला नाही, पण त्याची दहशत सरली.

भारतातून मेक्सिकोला गेलेली मदत

काळ्या माशीच्या बाबतीत मित्रकीटकांची कथा याहून जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या उपखंडात आहे. ही माशी मूळची आशियातली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ती वेस्ट इंडीज बेटांवर पोचली. क्यूबात 1930 मध्ये मलायाहून तिची शत्रू असलेली एक सूक्ष्म गांधीलमाशी आणून सोडली गेली आणि तिथे कीड आटोक्यात आली. पण 1935 मध्ये काळी माशी मेक्सिकोत, सिनालोआ राज्यात सापडली. तिथली हवा कोरडी, तापमानाचे चढउतार मोठे. क्यूबात यशस्वी झालेली गांधीलमाशी तिथे तग धरेना.

तेव्हा अमेरिकेतल्या कृषी खात्याचे कीटकशास्त्रज्ञ हर्बर्ट स्मिथ 1948 नंतर भारत आणि पाकिस्तानात फिरले. विचार सरळ होता: जिथे काळी माशी पूर्वापार आहे आणि हवामानही मेक्सिकोसारखे कडक आहे, तिथल्या शत्रूंना शोधायचे. त्यांनी पाठवलेल्या कीटकांतून अमिटस आणि एन्कार्सिया या गटांतल्या गांधीलमाश्या मेक्सिकोच्या बागांत रुजल्या. अमिटस आधी वेगाने पसरली आणि मोठी लोकसंख्या खाली आणली. मग एन्कार्सियाने जम बसवला, कारण यजमान कमी झाल्यावरही ती त्याला शोधून काढण्यात पटाईत. 1976 मध्ये काळी माशी फ्लोरिडात अवतरली तेव्हा याच दोघींना मेक्सिकोहून तिकडे नेण्यात आले.

मग ज्या उपखंडातून हे शत्रू गेले, तिथेच विदर्भात कोळशी का उफाळते? मित्रकीटक किडीवर जगतात. त्यांना वेळ आणि जिवंत राहण्याची मुभा लागते. सर्व किडींना मारणारी औषधे वारंवार फवारली की या बारीक गांधीलमाश्या आधी मरतात, कारण त्या उघड्यावर फिरतात. काळ्या माशीची मेणात दडलेली, पानाखाली चिकटलेली कोशावस्था मात्र बचावते. पुढच्या नवतीला कीड परत येते, राखणारे कोणी नसते. म्हणून कोळशीसाठी फवारणीचा सल्ला असतो तोही वेळ बांधून: अंड्यांतून निम्मी पिल्ले बाहेर पडली की, म्हणजे कीड सर्वांत कोवळी असताना, आणि पुन्हा साधारण पंधरा दिवसांनी. कोश झाल्यावर केलेली फवारणी बहुतेक वाया जाते.

आपल्या झाडावर मित्रकीटक काम करत आहेत का, हे भिंग असेल तर कोणालाही पाहता येते. पांढऱ्या किंवा काळ्या माशीचा रिकामा कोश पाहावा. त्याला इंग्रजी टी अक्षरासारखी चीर पडली असेल, तर आतून माशी बाहेर पडली. गोल भोक असेल, तर माशी आतच खाल्ली गेली आणि बाहेर पडली ती गांधीलमाशी. माव्यातही तसेच. वस्तीत काही मावे फुगलेले, बदामी रंगाचे, न हलणारे दिसतात. ते सुकलेले मावे आतून पोखरलेले असतात आणि त्यांच्यातूनही गांधीलमाशीच निघते. असे मावे आणि गोल भोकांचे कोश वाढताना दिसले, तर हातातला पंप खाली ठेवावा.

गच्चीवरची जास्वंद: क्रमाने काय करावे

आता घरातले उदाहरण. कुंडीतल्या जास्वंदीचे शेंडे आखडले आहेत, पाने गोळा होऊन गुच्छ झाला आहे, कळ्या उमलत नाहीत, आत पांढरा कापूस दिसतो, खालच्या पानांवर काजळी आहे आणि खोडावर मुंग्या. हा गुलाबी पिठ्या ढेकूण, द्राक्षबागायतदारांच्या ओळखीचाच. त्याच्या लाळेमुळे शेंड्याची वाढ वेडीवाकडी होते. एका मादीच्या कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी असतात. या पिशवीवर आणि अंगावर मेण असते, त्यामुळे साधे पाणी किंवा औषध ओघळून जाते.

पहिले काम कात्रीचे. आखडलेले शेंडे कापायचे आणि लगेच प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बांधायचे. कापलेली फूट गच्चीवर किंवा कंपोस्टमध्ये टाकली तर पिल्ले चालत परत येतात. कात्री आणि हात साबणाने धुवावेत, कारण पिल्ले कपड्यांवरूनही पुढच्या कुंडीत जातात.

दुसरे काम पाण्याचे. सकाळी नळीला बोट लावून जोराची धार पानांच्या खालच्या बाजूला आणि बेचक्यांत मारावी. मावा तर एवढ्यानेच बराच उतरतो. सोंड तुटलेला मावा पुन्हा वर चढून खाऊ शकत नाही.

तिसरे काम मुंग्यांची वाट तोडण्याचे. कुंडी पाणी भरलेल्या पसरट ताटात विटेवर ठेवली, तर मुंग्या चढत नाहीत. ताटातले पाणी दर दोन-तीन दिवसांनी बदलावे, नाहीतर डास होतील. मोठ्या झाडाच्या खोडाला कागदाची किंवा टेपची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावावे, सालीवर थेट नव्हे. भिंतीला किंवा शेजारच्या कुंडीला टेकलेली फांदी कापली नाही, तर मुंग्या त्या पुलावरून येतात आणि पट्टी व्यर्थ जाते.

चौथे काम फवारणीचे. लिटरभर पाण्यात सौम्य द्रवरूप साबण पाच मिलिलिटर. कडुनिंबाचे तेल वापरायचे असेल तर पाच मिलिलिटर तेल आधी थोड्या साबणात घोटून मग पाण्यात मिसळावे, नाहीतर तेल वर तरंगते आणि पाने जळतात. कपडे धुण्याची पावडर वापरू नये. तिच्यानेही पाने भाजतात. आधी दोन पानांवर फवारून एक दिवस थांबावे. मग सायंकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या दोन्ही बाजू आणि पेरे चिंब होतील असे फवारावे. साबण किडीच्या अंगाला लागला तरच मारतो, वाळल्यावर त्याचा उपयोग संपतो. वरून शिंपडल्यासारखी केलेली फवारणी म्हणूनच फसते.

एका फवारणीत काम होत नाही, आणि लोक इथेच कंटाळतात. पिशवीतली अंडी वाचतात आणि आठवडाभरात त्यांतून नवी पिल्ले निघतात. पिल्लांच्या अंगावर अजून मेण चढलेले नसते, तेव्हा त्यांना गाठायचे. म्हणून सात दिवसांच्या अंतराने निदान तीन फवारण्या. ढालकिड्याच्या अळ्या दिसल्या तर मात्र थांबावे. त्यांतली एक जात अंगावर पांढरे मेण वागवते आणि हुबेहूब मोठ्या पिठ्या ढेकणासारखी दिसते. फरक चालीत: अळी लगबगीने धावते, ढेकूण सुस्त असतो.

कढीपत्ता, लिंबू, टोमॅटो अशा खायच्या झाडांवर नर्सरीत मिळणारी, झाडाच्या रसात मिसळणारी कीटकनाशके घालू नयेत. ती पानांत उतरतात, आणि ती पाने घरातल्या फोडणीत जातात.

उरली काजळी. कीड थांबल्यावरच तिच्याकडे वळावे. दहा ग्रॅम मैदा थोड्या पाण्यात कालवून, लिटरभर पाण्यात उकळून पातळ खळ करावी, गार करून, गाळून, उन्हाच्या दिवशी काळ्या पानांवर फवारावी. खळ वाळताना आक्रसते आणि काजळीला सोबत घेऊन तिचे पापुद्रे गळतात. नारळावरच्या पांढऱ्या माशीमागून आलेल्या काजळीसाठीही खळीचा सल्ला दिला जातो. पावसाळ्यात हे करण्याची गरज बहुधा पडत नाही. कीड नसेल तर पाऊस काजळी धुऊन काढतो.

उपाय लागू पडला की नाही हे जुन्या पानांवरून ठरवू नये. ती काळी राहिली तरी हरकत नाही, ती गळतील. पाहायचे ते नव्या फुटीखालचे पान. दोन-तीन आठवड्यांनी ते स्वच्छ असेल, बोटाला चिकट लागत नसेल आणि खोडावरची मुंग्यांची रांग विरळ झाली असेल, तर फवारणी बंद करावी. त्यानंतर युरियाची मूठ आवरती घ्यावी आणि आठवड्यातून एकदा शेंड्याची चार पाने उलटी करून पाहावीत.